डॉट्स गुणांनी वजनगटांचा फरक खरोखर पुसला जातो का?

पॉवरलिफ्टिंगमध्ये खेळाडूची टोटल, म्हणजे स्क्वॅट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज, त्याच्या शरीराच्या वजनावरून ठरणाऱ्या गुणकाने गुणली की डॉट्स गुण मिळतात. त्यांबद्दल असा दावा केला जातो:

“डॉट्स गुण काढले की शरीराच्या वजनाचा फरक उरत नाही. ज्याचे गुण जास्त तोच जास्त ताकदवान, मग तो कोणत्याही वजनगटातला आणि कोणत्याही स्पर्धेतला असो.”

फरक उरत नाही, हे पहिले विधानच तपासून पाहू. डॉट्सचा गुणक म्हणजे ताकदीचा नियम नव्हे. स्पर्धांच्या निकालांवरून अमुक वजनाच्या खेळाडूची टोटल साधारण किती असते याचा जो वक्र बसवला गेला, त्यावरून तो येतो. वक्र वेगळा बसवला की निकालही बदलतो. समजा, 74 किलोच्या पुरुष खेळाडूने 700 किलोची टोटल केली आणि 105 किलोच्या खेळाडूने 835 किलोची. डॉट्सने पहिल्याला सुमारे 506.6 आणि दुसऱ्याला 503.6 गुण मिळतात, म्हणजे हलका खेळाडू पुढे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ 2020 पासून वापरत असलेल्या जीएल या तशाच दुसऱ्या सूत्राने, साध्या प्रकारात म्हणजे ताण देणाऱ्या खास पोशाखाशिवाय, हेच आकडे सुमारे 102.8 आणि 103.1 होतात आणि जड खेळाडू पुढे जातो. पहिल्याच्या 700 किलोशी बरोबरी करायला 105 किलोच्या खेळाडूकडून डॉट्स सुमारे 840 किलो मागते, तर जीएल सुमारे 832. या दोन आकड्यांमधल्या कोणत्याही टोटलला ‘श्रेष्ठ कोण’ याचे उत्तर आपण निवडलेले सूत्रच देते.

वजनगटाबद्दलचा दावा मला याहून अधिक खटकतो, कारण सूत्रात जाते ते वजनकाट्यावरचे वजन, बार उचलतानाचे नव्हे. वजन स्पर्धेच्या 24 तास आधी घेतले जात असेल, तर शरीरातले पाणी घटवून 74 किलो दाखवणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी 78 किलोचा होऊन उतरू शकतो. त्याच 700 किलोला 74 वर सुमारे 506.6 गुण पडतात, तर 78 वर 490.1. म्हणजे सोळाहून अधिक गुण ताकदीने नव्हे, तर चार किलो पाण्याने मिळवले. ज्या स्पर्धेत वजन दोनच तास आधी घेतले जाते, तिथे शरीर इतक्या कमी वेळात सावरत नाही. म्हणून या दोन प्रकारच्या स्पर्धांतले गुण एकाच यादीत ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

‘कोणत्याही स्पर्धेतला’ यातही हीच अडचण आहे. गुडघ्यांना घट्ट नी रॅप्स गुंडाळून केलेली स्क्वॅट आणि साधे नी स्लीव्ह्ज घालून केलेली स्क्वॅट यांत डॉट्स भेद करत नाही, जरी रॅप्सचा ताण खालून वर येताना मदत करतो. जीएलमध्ये साध्या आणि इक्विप्ड, म्हणजे तसा खास पोशाख घालून उचलण्याच्या, प्रकारांसाठी वेगळे गुणक आहेत, पण केवळ रॅप्स घालून केलेल्या टोटलसाठी त्यातही स्वतंत्र गुणक नाही. उंची तर दोन्ही सूत्रांत नाहीच: 74 किलोचा 160 सेंटिमीटर उंचीचा खेळाडू आणि त्याच वजनाचा 180 सेंटिमीटरचा खेळाडू यांना एकच गुणक लागतो, जरी बारने कापायचे अंतर आणि हाडांवर बसणारा स्नायू या दोघांत सारखा नसतो.