‘ईएफ ३५ टक्के’बद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुम्ही डॉक्टर नाही. डिस्चार्ज कार्डात ‘एलव्हीईएफ ३५ टक्के’ एवढंच होतं, तुम्ही त्याचं अर्धं पान केलंत. भाषांतरकाराने आगाऊपणा करू नये. औषधांचा तक्ताही नीट वाचता येत नाही आणि लेख फार लांबलाय."

नमस्कार. डिस्चार्ज कार्डाचं मराठी भाषांतर मी कसं करतो, यावरच्या माझ्या लेखाबद्दल ही प्रतिक्रिया आहे. त्यातलं एलव्हीईएफ, म्हणजेच ईएफ, हे हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं त्याचं माप. तक्त्याचं अक्षर बारीक आहे, मान्य. मोठं करतो. लांबीचं म्हणाल, तर कुणी बळजबरी केली नव्हती.

पण ‘आगाऊपणा’? ओळखदेख नसताना हा शब्द वापरायला तुम्हाला काहीच वाटलं नाही? कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाजवळच्या औषध दुकानात मी काउंटरला उभा राहून दिवस काढलेत. नातेवाईक फाइल पुढे करून विचारायचे, "दादा, ह्यात काय लिवलंय?" तिथं तुम्ही नव्हता.

कागलकडच्या एक काकू आठवतात. नवऱ्याला हार्ट अटॅक येऊन गेलेला, कार्डावर हाच आकडा. कुणीतरी सांगितलं होतं, "हृदय ३५ टक्केच चालतंय." काकूंनी त्याचा अर्थ लावला, ६५ टक्के मेलं. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं, तरी त्या माणसाला अंगणातसुद्धा उतरू देईनात. पोरगा मात्र निवांत, कारण दहावीला पस्तीसला पास करतात!

दोघंही चुकले, कारण आकडा कशाच्या तुलनेत वाचायचा हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी असं लिहितो: "हृदयाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं ३५ टक्के एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं." मूळ मजकुराचं भाषांतर इथं संपलं. त्याखाली वेगळ्या चौकटीत, ‘भाषांतरकाराची टीप’ असं लिहून: "निरोगी माणसात हे प्रमाण साधारण ५५ ते ७० असतं. निरोगी हृदयही १०० टक्के रक्त बाहेर टाकत नाही." म्हणजे तुलना साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची, शंभराशी नाही. ३५ कमीच आहे, ते मी कुठं लपवलंय? चौकट तुम्हाला दिसली नसेल तर माझा इलाज नाही.

आता मी काय लिहिलं नाही तेही बघा. अटॅकनंतर हृदयाचा काही भाग नुसता बधिर झालेला असतो, तो काही आठवड्यांत सावरू शकतो. म्हणूनच लेखातल्या त्या कार्डावर सहा आठवड्यांनी पुन्हा टूडी एको करायला सांगितलं होतं. मी फक्त तेवढंच उतरवलं. "आकडा वाढेल" असं लिहिलं नाही, कारण मेलेला भाग सावरत नाही, आणि कुठला भाग कसला हे माझ्या टेबलावरून कळत नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं. टीपसुद्धा मी वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरच्यांच्या हातात देत नाही. लेखात हे आहे, तिसऱ्या परिच्छेदात. पण तो लांब पडला ना तुम्हाला.

एवढंच उतरवायचं असतं तर ‘एलव्हीईएफ’ देवनागरीत लिहून मोकळा झालो असतो. तुम्हाला तसंच हवं असेल तर खुशाल करा, फक्त ते कार्ड घेऊन आधी त्या काकूंसमोर बसा.