प्रोफॉर्मालाच बिल का म्हणत नाही?

«आगाऊ रक्कम घेताना प्रोफॉर्मा आणि माल निघताना पुन्हा टॅक्स इनव्हॉइस, हे दुहेरी काम कशाला? प्रोफॉर्मावर जीएसटी लिहिलेलाच असतो, तोच बिल समजायचा. शिवाय ॲडव्हान्सवर जीएसटी नाही असं तुम्ही म्हणता, आमच्या सीएंनी तर भरायला लावला.»

सीएंचं आधी बघू. तुम्ही काय विकता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. मालाच्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून कर भरावा लागत नाही (कंपोझिशनवाले सोडून). सेवेला ही सूट नाही. वार्षिक देखभालीचे ११,८०० रुपये आधी घेतलेत, तर त्यातले १,८०० त्याच महिन्याच्या करात जातात. तुमचं काम सेवेचं असेल तर तुमचे सीए बरोबर आहेत आणि माझं वाक्य अर्धवट होतं. पावती, म्हणजे रिसीट व्हाउचर, मात्र दोन्हीकडे द्यायचं.

आता दुहेरी कामाचं. समजा, पुण्यातल्याच गिऱ्हाइकाला २,००,००० चं मशीन विकलं. १८ टक्के धरून प्रोफॉर्मा २,३६,००० चा आणि ४० टक्के ॲडव्हान्स ९४,४०० आला. त्याच दिवशी टॅक्स इनव्हॉइस फाडलं, तर माल कारखान्यातच असताना ३६,००० चा कर तुमच्या डोक्यावर बसतो. गिऱ्हाइकालाही माल हातात पडेपर्यंत क्रेडिट घेता येत नाही. ऑर्डर रद्द झाली तर क्रेडिट नोट काढत बसा. प्रोफॉर्मा नुसता बाजूला ठेवता येतो. ॲडव्हान्स परत केला की रिफंड व्हाउचर दिलं, संपलं. म्हणूनच प्रोफॉर्माचे नंबर बिलांच्या मालिकेत घालू नका.

माल निघायच्या वेळी प्रोफॉर्मा जसाच्या तसा उतरवायचा नसतो. आपल्या गिऱ्हाइकाने मध्येच १५,००० चा जादा साचा मागितला. मग टॅक्स इनव्हॉइस २,१५,००० चं, त्यावर कर ३८,७००, एकूण २,५३,७००. खाली ॲडव्हान्स ९४,४०० वजा, येणे १,५९,३००. वजाबाकी कराच्या ओळीखाली येते, वर कधीच नाही. पहिल्या वर्षी मी नेमकं उलटं केलं: उरलेल्या रकमेचंच बिल केलं. विक्री कमी दिसली, गिऱ्हाइकाला क्रेडिट कमी मिळालं, आणि त्यांच्या अकाउंटंटने मला फोनवर चांगलंच सुनावलं. ई-वे बिलावरही पूर्ण २,५३,७०० च टाकायचे.

टॅलीत ॲडव्हान्सची पावती 'Advance' म्हणून प्रोफॉर्माच्या नंबराने नोंदवा. विक्रीची नोंद करताना तोच संदर्भ निवडून ९४,४०० तिथे लावा आणि बाकीचे १,५९,३०० 'New Ref' मध्ये टाका. हे राहिलं, तर पार्टीच्या खात्याची बाकी बरोबर दिसते, पण येणेबाकीच्या यादीत अख्खं बिल उभं राहतं, आणि तुम्ही पैसे दिलेल्या माणसाकडे पुन्हा तगादा लावता.