बारा गंजांचं भाडं

आत्यांनी शिलाई मशीन घ्यायचं ठरवलं आणि माझ्या आयुष्यातले तीन आठवडे त्यात गेले. किंमत १२,००० रुपये. दुकानदाराने सांगितलं, "आक्का, फक्त १२ टक्के फ्लॅट व्याज, महिना ११२० रुपये, वर्षात मशीन तुमचं." मी म्हटलं, "आत्या, हे १२ टक्के नाही, जवळजवळ २२ टक्के आहे." आत्या म्हणाल्या, "तो तर १२ म्हनून राह्यला. तुले जास्त समजते का?"

मी जळगावात बत्तीस वर्षं गणित शिकवलं. तेव्हा मला वाटलं, दोन वाक्यांत होईल. मी म्हणालो, "फ्लॅट दरात व्याज मूळ मुद्दलावर आकारतात, शिल्लक मुद्दलावर नाही, म्हणून प्रभावी दर वाढतो." आत्यांनी शेवभाजीचा रस्सा ढवळला. बचत गटातल्या दोघी आल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं, जसं ताप आलेल्या माणसाकडे पाहतात.

दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सांगायची ठरवली. नाना, म्हणजे माझा चुलतभाऊ, यावलला राहतो. त्याने फ्लॅट दराने लाल मोटारसायकल घेतली. पहिल्याच दिवशी मागे सासूबाईंना बसवून केळीच्या बागेतून नेताना पाटात पडला. सासूबाई चिखलात, नाना पाण्यात, मोटारसायकल केळीच्या खांबाला टेकून उभी. मी हे इतकं रंगवलं की आत्या पदराने डोळे पुसत हसल्या. मग मी मुद्द्यावर आलो: वर्षभर हप्ते फेडूनही नानाचं व्याज कमी झालं नाही. "हो, पन सासूले लागलं का मंग?" एकीने विचारलं. आठवडाभराने मी सहज विचारलं, "नानाच्या गोष्टीतून काय कळलं?" तिघींचं एकमत झालं: पाटाकडेने गाडी चालवू नये.

चूक माझीच होती. गोष्टीतला सगळ्यात चटकदार तपशील मुद्द्याचा नव्हता, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात चटकदार तेच राहतं. आता मी प्रत्येक गोष्टीला एक चाचणी लावतो: सासूबाई काढून टाकल्या तर मुद्दा पडतो का? पडत नसेल तर सासूबाईंना घरी बसवायचं, कितीही जड गेलं तरी.

मग मी गोष्ट सोडून आकडेमोडीकडे गेलो, आणि उलट्या बाजूला पडलो. प्रामाणिकपणाच्या भरात मी भाच्याच्या खऱ्या कर्जाचा तक्ता आणला: ८७,३५० रुपये, पावणेअकरा टक्के, ३१ हप्ते, वर विम्याचे आणि कागदपत्रांचे पैसे. सगळं बरोबर होतं. तिसऱ्या ओळीला आत्या म्हणाल्या, "मले चक्कर येते." खरं तर चौथ्या ओळीला मलाही येत होती. डोकं वजाबाकीत अडकलं की कल्पनेला जागा उरत नाही. शाळेत मी हेच करत असे: 'वास्तववादी' उदाहरण म्हणून ८७,३५० घ्यायचं आणि मुलांना भागाकाराच्या धुळीत सोडायचं.

उपाय मिळाला तो भांडीवाल्याकडे. आत्यांच्या दिराकडे भरीत पार्टी होती, आणि तिथे भाड्याने आणलेले गंज मोजत असताना मला थांबावंसं वाटलं. घरी येऊन मी सांगितलं:

"आत्या, भांडीवाल्याकडून बारा गंज आणले. एका गंजाला महिना दहा रुपये भाडं. दर महिन्याला एक गंज परत करायचा. पहिल्या महिन्यात घरात बारा, मग अकरा, मग दहा, शेवटच्या महिन्यात एक. तरी तो म्हणतो, बाराही महिने बारा गंजांचं भाडं द्या."

"काहून?" आत्या उसळल्या. "गंज तर परत केले!"

इथे मी नाट्यपूर्ण शांत झालो. मला वाटलं, आता त्या म्हणतील, अरे, मशीनचंही हेच! कोणी काही म्हणालं नाही. एकीने भांडीवाल्याचा पत्ता विचारला. १९८० साली मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी असाच प्रयोग केला होता. लोकांना सेनापतीने किल्ला कसा घेतला ती गोष्ट वाचायला दिली, आणि नंतर तशाच घडणीचा ट्यूमरचा प्रश्न दिला. बहुतेकांना, 'ती गोष्ट इथे लावून पाहा' असं सांगेपर्यंत, दोन्हींतला संबंध दिसला नाही. म्हणजे आमच्या आत्या जगाबरोबर आहेत.

तेव्हा मी पाटीवर स्पष्ट लिहिलं: एक गंज म्हणजे हजार रुपये. भाडं म्हणजे व्याज. हजारावर महिना दहा रुपये, म्हणजे महिन्याला एक टक्का, वर्षाला बारा. परत केलेला गंज म्हणजे फेडलेले हजार रुपये.

मग बेरीज. खरोखर घरात असलेले गंज: बारा, अकरा, दहा, असं एकापर्यंत. मी सुरुवातीच्या तीन ओळी मांडल्या आणि उरलेल्या मुद्दाम मोकळ्या सोडल्या. हात चालला की डोकं झोपत नाही. आत्यांनी बारा आणि एक जोडले, तेरा. अकरा आणि दोन, पुन्हा तेरा. अशा सहा जोड्या. तेरा सख अठ्ठ्याहत्तर. एका गंजाला दहा रुपये, म्हणजे ७८० रुपये भाडं. आणि मागतोय किती? बारा गंज, बारा महिने, १४४ गुणिले दहा, १४४० रुपये. दुकानदाराच्या ११२० च्या बारा हप्त्यांत मशीनच्या किमतीवर नेमके तेवढेच निघतात. ७८० म्हणजे बारा टक्के, तर १४४० म्हणजे जवळजवळ बावीस. आत्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"६६० रुपये उगीच?"

बँकेत असलेला भाचा तेवढ्यात टपकला. म्हणाला, "मामा, २२ टक्के चूक आहे. हप्ता सारखा ११२० असतो, म्हणून दर महिन्याला नेमके हजारच फिटत नाहीत. खरा दर साडेएकवीसच्या आसपास." बरोबर बोलला. गोल आकडे घेतले की हा फरक पडतोच. मी तो पाटीच्या कोपऱ्यात लिहिला आणि भाच्याला चहा दिला. त्याचा साडेएकवीस खरा, पण त्याने सुरुवात केली असती तर आपण अजून भागाकारात असतो.

एवढ्यावर मी खूष झालो, आणि तिथेच फसलो. दुसऱ्या दिवशी आत्यांनी शेजारच्या जिभाऊंना बजावलं, "तुमच्या पीक कर्जात बी गंजाची फसवणूक आहे." जिभाऊ घाबरून माझ्याकडे आले. त्यांचं कर्ज हंगाम संपल्यावर एकदम फेडायचं. म्हणजे बाराही गंज शेवटपर्यंत त्यांच्याच घरात. तिथे पूर्ण भाडं योग्यच आहे. एकच उदाहरण दिलं की ऐकणारा ते सगळीकडे लावतो. जिथे लागत नाही असं एक उदाहरणही लगेच शेजारी ठेवावं लागतं, आणि ते मी विसरलो होतो. म्हणून जिभाऊंना बोलावून आत्यांसमोरच दुसरी पाटी काढली. जिभाऊंचे बारा गंज वर्षभर हलले नाहीत, हे पाहून आत्यांनी त्यांची माफी मागितली नाही, पण चहा मात्र दोन कप दिला.

शनिवारी आत्या दुकानात गेल्या. मी सोबत होतो, बोलायचं नाही या अटीवर. आत्यांनी विचारलं, "भाऊ, सहाव्या महिन्यात माझ्या घरात किती गंज राह्यतील?"

दुकानदार क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला.

"आक्का, मशीनवर एक गंज फ्री देतो. स्टीलचा."