‘डब्याचं रडगाणं’ आणि महिनाअखेरची वही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “दादा, ‘सुचलेल्या कल्पना रोज वहीत लिहा आणि महिनाअखेरीस वाचून त्यांतले पॅटर्न शोधा’ हे तुमचं वाचून जानेवारीपासून रोज रात्री वही लिहिते आहे. महिनाअखेरीस वाचायला बसलं की त्यात नुसतं डब्याचं रडगाणं दिसतं, पॅटर्न-बिटर्न काही दिसत नाही. खरंच चांगली कल्पना असेल तर ती न लिहिताही डोक्यात घोळत राहतेच की! इथे इंदूरात भंवरकुआला क्लासच्या मुलांना आमचे रात्रीचे ६० डबे जातात. मार्चच्या काही नोंदी देते, तुम्हीच शोधून दाखवा: पोळ्या फॉइलमध्ये द्याव्यात. रस्सा कमी, सुकी भाजी जास्त. कोशिंबीर बंद करावी, पाणी सुटतं. छोटा डबा ठेवावा, अर्ध्या पोळ्या परत येतात. रविवारी पोहे-जलेबी द्यावी. वॉट्सअ‍ॅपवर मेनू टाकावा. थर्मासचे डबे घ्यावेत का? महाग.”

उत्तर:

ताई, नोंदी दिल्यात हे फार बरं केलंत. नुसती तक्रार असती तर मलाही गोल गोलच उत्तर द्यावं लागलं असतं.

आधी डोक्यात घोळणाऱ्या कल्पनेचं बघू. घोळत राहते ती बहुधा आपल्याला आवडलेली किंवा सलणारी गोष्ट. तुमच्या यादीत थर्मासचा डबा तसा आहे: पैसे जास्त, म्हणून विचारही जास्त. वही न लिहिता तीन महिने गेले असते, तर तेवढाच एक डोक्यात उरला असता आणि कोशिंबिरीचं पाणी कुठल्या कुठे गेलं असतं. चार्ल्स डार्विननं १८३७ च्या जुलैत प्रजातींविषयीच्या नोंदवह्या सुरू केल्या. त्याचा वर्षानुवर्षांचा एक नियम होता: आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तिथल्या तिथे लिहून टाकायची. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आपल्याला सुचलेल्या उपायांशी न जुळणाऱ्या गोष्टी धरून ठेवायला वही लागते. चांगली कल्पना तशीही आठवेल, हे तुमचं म्हणणं मान्य, पण चांगली कोणती हे आठवणीवरून ठरत नाही.

आता तुमच्या नोंदी. सातही नोंदींमध्ये ‘काय करावं’ लिहिलंय. ते कशावरून सुचलं, हे जवळपास कुठेच नाही. पॅटर्न न दिसण्याचं मुख्य कारण हेच. उपाय तऱ्हेतऱ्हेचे असतात, फॉइल वेगळी आणि थर्मास वेगळा, म्हणून ते एकमेकांशेजारी ठेवले तरी जुळत नाहीत. जुळतात ती त्यांच्या मागची कारणं. नोंदीत आधी डोळ्यांनी दिसलेली गोष्ट हवी आणि मग सुचलेला उपाय. दोन ओळी पुरतात. तुमची चौथी नोंद अशी असायला हवी होती:

*१२ मार्च. धुताना ७ डब्यांत दोन-दोन पोळ्या उरलेल्या, कडक. क्लासच्या कोणत्या बॅचचे डबे, पाहिलं नाही. छोटा डबा ठेवावा?*

तारीख आणि आकडा मी नमुन्याला घातलाय. यातलं ‘पाहिलं नाही’ महत्त्वाचं आहे. पुढच्या वेळी काय पाहायचं, ते त्यातच लिहून होतं.

वहीची मांडणीही थोडी बदला. रोजची नोंद उजव्या पानावर, डावं पान कोरं. डाव्या पानाला महिनाभर हात लावायचा नाही, ते फक्त महिनाअखेरच्या वाचनासाठी.

त्या वाचनाला पाऊण तास धरा आणि शेवटच्या चार-पाच दिवसांच्या नोंदी त्यातून वगळा. त्या ताज्या असतात, म्हणून उगाच मोठ्या वाटतात. त्या पुढच्या महिन्यात मोजा. बाकीच्या प्रत्येक नोंदीसमोर डाव्या पानावर तीन-चार शब्दांत एवढंच लिहायचं: कुणाचं, कधी, कशामुळे अडलं. जिथे लिहिता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह. मग उजवं पान झाकायचं आणि फक्त डावी पानं सलग वाचायची.

इथे एक चूक हमखास होते. पोळीच्या नोंदी एकीकडे, भाजीच्या एकीकडे, पैशांच्या तिसरीकडे अशी विषयवार वाटणी करावीशी वाटते. तशी केली की जे खाने आधीपासून डोक्यात होते तेच परत मिळतात, आणि ‘पोळीच्या तक्रारी फार’ यापलीकडे हाती काही लागत नाही. वाटणी ‘कधी’ आणि ‘कुणाला’ यावरून करा.

तुमच्या नोंदींवर हे करून बघू. फॉइल कशासाठी? पोळी कडक किंवा गार होते म्हणून, असं धरू. कोशिंबिरीला पाणी सुटतं, कारण मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं. पण ते लगेच नाही, जसजसा वेळ जातो तसतसं. अर्ध्या पोळ्या परत येतात. थर्मास हवासा वाटतो तो जेवण गरम राहावं म्हणून. चार वेगळ्या वस्तू, आणि चौघींसमोर डाव्या पानावर एकच गोष्ट येते: डबा बंद झाल्यापासून उघडेपर्यंत गेलेला वेळ. तुमचं रडगाणं बहुधा स्वयंपाकाचं नाहीच, घड्याळाचं आहे. रस्सा भाजीचं मी यात धरत नाही. ती सांडते म्हणूनही तुम्ही लिहिलं असेल. ओढूनताणून पाचवी नोंद जमवली की पॅटर्न भरीव वाटतो, पण खोटा होतो. पोहे-जलेबीची हौस आहे, तिच्यामागे काही अडलेलं दिसत नाही. तिला रेघ मारून पुढे जा.

‘बहुधा’ म्हणालो, कारण हा अजून अंदाजच आहे. तो धरण्याआधी माझी कसोटी अशी: किमान तीन नोंदी, वेगवेगळ्या दिवसांच्या आणि किमान दोन वेगळ्या माणसांकडून आलेल्या. एकाच दिवशी तीन तक्रारी आल्या तर ती एकच धरायची, त्या दिवशी पोळीवालीच आली नसेल. एकच मुलगा तीनदा बोलला तरी ती एकच. तुम्ही तारखा दिल्या नाहीत, तेव्हा हे वहीत तुम्हालाच पाहावं लागेल. मार्चमध्ये रंगपंचमी आली असेल तर तो आठवडाही बाजूला ठेवा. गेरच्या मिरवणुकीच्या दिवशी निम्मं शहर राजवाड्याकडे असतं, त्या दिवशीच्या परत आलेल्या पोळ्यांवरून काहीच ठरत नाही.

आणखी एक गोष्ट या अंदाजाला वाकडं वळण देऊ शकते: तुम्ही रोज रात्री लिहिता. त्या वेळी समोर काय असतं? परत आलेले डबे, उरलेलं अन्न आणि दमलेलं अंग. मग वहीत उरल्यासुरल्याचंच रडगाणं उतरणार. ज्याचा डबा चाटूनपुसून रिकामा आला त्याच्याविषयी रात्री कोण लिहितं? म्हणून आठवड्यातले तीन दिवस नोंद डबे भरताना करा आणि एक दिवस डबे पोचवणाऱ्या माणसाला विचारून. दारात मुलं काय बोलतात ते त्याला ठाऊक असतं, ते तुमच्या वहीत येतच नाही.

आता पडताळा. ‘छोटा डबा’ आणि ‘उशीर’ ही दोन कारणं एकमेकांना छेद देणारी आहेत. पोळ्या जास्त होतात म्हणून परत येत असतील तर सगळ्या बॅचेसमधून सारख्याच येतील. उशिरामुळे कडक होतात म्हणून येत असतील तर उशिरा सुटणाऱ्या बॅचच्या डब्यांतून जास्त येतील. तेव्हा दोन आठवडे डब्यांच्या झाकणांवर लवकर आणि उशिरा सुटणाऱ्या बॅचप्रमाणे दोन रंगांच्या टिकल्या लावा आणि धुताना रंगवार उरलेल्या पोळ्या मोजा. दोन्ही बॅचचे डबे सारखे नसतील, म्हणून एकूण पोळ्या न लिहिता दर दहा डब्यांमागे किती, ते लिहा. सोबत आठ-दहा मुलांना सांगा, डबा उघडलात की वॉट्सअ‍ॅपवर नुसता एक अंगठा पाठवा. मेसेजची वेळ आपोआप पडते, त्यांना काही लिहावं लागत नाही.

या दोन आठवड्यांत डार्विनचा नियम पाळा. ‘उशीर’ हे नाव एकदा दिलं की सगळीकडे उशीरच दिसू लागतो. म्हणून वहीत उलट नोंदी मुद्दाम शोधून लिहा: उशिरा उघडला तरी पूर्ण संपलेला डबा, लवकर उघडूनही परत आलेली पोळी. अशा नोंदी बरोबरीनं आल्या तर अंदाज सोडून द्यायचा आणि छोट्या डब्याचा विचार करायचा. तोही काही वाईट निकाल नाही. पोळ्या आणि कणीक दोन्ही वाचतील.

रंगांमध्ये ठळक फरक पडला तर उपायांची यादी पुन्हा काढा, आता ती वेगळी दिसेल. थर्मासची गरज पडलीच तर उशिराच्या बॅचपुरती, साठही डब्यांना नाही. मात्र त्याआधी फुकटातले दोन उपाय करून बघा. गरम पोळी तशीच डब्यात बंद केली की वाफ झाकणाला लागून पाणी होते, वरखालच्या पोळ्या ओल्या होतात आणि गार झाल्या की चिवट लागतात. फॉइलमध्येही वाफ कोंडतेच. पोळ्या जाळीवर पाचेक मिनिटं निवू द्या, सुती कापडात गुंडाळा आणि मग डब्यात ठेवा. कोशिंबिरीत मीठ न घालता ते कागदाच्या पुडीत वेगळं द्या, बंद करायची गरजच उरणार नाही. एकेक आठवडा एकच बदल करा, तोही एकाच रंगाच्या डब्यांना. दोन्ही एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आणि अंगठ्यांच्या वेळा बघून डबा दोन तासांहून जास्त बंद राहतो असं निघालं, तर एप्रिल-मेच्या इंदूरच्या उन्हाळ्यात प्रश्न चवीपुरता राहत नाही, अन्न आंबूही शकतं. तेव्हा उशिराच्या बॅचसाठी दुसरी फेरीच लावावी लागेल. तिच्या पेट्रोलचा खर्च थर्मासच्या किमतीशेजारी मांडून बघा.

वॉट्सअ‍ॅप मेनूची नोंद मी शेवटी ठेवली, कारण ती मला खरंच कळली नाही. मुलं ‘आज काय आहे’ विचारतात म्हणून लिहिलीत, की काही जण आयत्या वेळी डबा नको म्हणतात म्हणून? दुसरं असेल तर ती पोळ्यांच्या हिशेबातली नाही. न घेतलेले डबे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्या नोंदी जानेवारी-फेब्रुवारीतही सापडायला हव्यात. ती पानं चाळा आणि सापडलेल्या ओळी तारखांसकट इथेच खाली टाका.