‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ लिहिणाऱ्या समस्त भावा-बहिणींसाठी

राजेहो, हे वाक्य मेलमधून काढून टाका असं मी आमच्या ऑफिसात सगळ्यायले सांगत असतो आणि दरवेळी एकच उत्तर येतं, काहून, त्यात काय वाईट आहे, शिवी थोडीच दिली? शिवी नाही हो. पण समोरचा वाचतो तेव्हा त्याला “आधीच सांगतलं होतं, डोळे कुठी होते तुये” असंच ऐकू येते. बरं, उद्धटपणा तर आहेच, त्यावर सगळेच बोलतात, माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य काही सांगतच नाही. कोणता मेल, कोणत्या तारखेचा, त्यात कुठे पाहायचं, याचा पत्ताच नाही. नुसतं “मागं पहा”.

आमची शेतकरी कंपनी आहे, यवतमाळ जिल्ह्यात, ऑफिस म्हणजे गोदामाला लागून एक खोली. तुरीच्या सीझनला दालमिलवाल्यांशी सगळा व्यवहार मेलवर चालतो कारण त्यांच्या परचेसवाल्यांना लेखी लागते. यंदा असं झालं. 12 मार्चला आम्ही मेल टाकला, विषय ‘तूर लॉट’, सोबत पोत्यांची यादी. 200 पोती, प्रत्येकी 50 किलो, म्हणजे 100 क्विंटल, बारदाना आमचा, ओलावा साडेदहा टक्के. 14 तारखेला त्याच मेलवर रिप्लाय करून बँकेचे डिटेल्स आणि कॅन्सल चेकचा फोटो पाठवला. 16 ला तिकडून एका ताईंचा मेल, किती पोती आहेत आणि बारदाना कोणाचा ते कळवा. आमच्या पोरानं ठोकून दिलं, “ॲज पर माय लास्ट ईमेल, डिटेल्स ऑलरेडी शेअर्ड.”

आता गंमत पहा. लास्ट ईमेल कोणता? 14 चा. त्यात काय, कॅन्सल चेक! त्या ताईंनी तोच उघडला, आणि परत विचारलं की सर, पोत्यांचं काही दिसत नाही. पोरगा म्हणे पहा ना दादा, वाचतच नाहीत लोकं. मी थ्रेड वर सरकवून पाहिला तर 12 च्या मेलमध्ये त्या ताईंचं नावच नव्हतं. त्या ताई मिलच्या गोदामाच्या, परचेसच्या सायबांनी त्यांना मधूनच सीसीमध्ये घेतलेलं. आणि जीमेलमध्ये रिप्लाय मारला की खाली जुना मजकूर जातो पण अटॅचमेंट जात नाही, ती फॉरवर्ड केल्यावरच जाते. मजकूरही तीन टिंबांच्या मागं दडलेला, फोनवर पाहणाऱ्याला ती टिंबं दिसतात थोडीच. म्हणजे ज्या यादीकडं आम्ही बोट दाखवत होतो ती त्यांच्याकडं कधी पोहोचलीच नव्हती. यात दोन दिवस गेले, गाडी पुढच्या हप्त्यावर गेली, आणि तोवर गोदामाच्या कोपऱ्यातली 4 पोती भिजलेली निघाली ती वेगळी काढावी लागली.

मग आम्ही उत्तर नव्यानं लिहिलं ते असं:

“नमस्कार ताई, सध्या 196 पोती आहेत, प्रत्येकी 50 किलो, एकूण 98 क्विंटल. बारदाना आमचा. सविस्तर यादी 12 मार्चच्या ‘तूर लॉट’ या मेलसोबत होती, त्यात 200 पोती आहेत, नंतर 4 भिजल्यामुळे कमी केली. सुधारलेली यादी सोबत जोडतो, हीच धरावी. गाडी गुरुवारी हवी असल्यास बुधवारी 4 वाजेपर्यंत गाडी नंबर कळवा.”

यात मागच्या मेलचा उल्लेख आहे का? आहे, चांगला ठणठणीत आहे. तारीख आहे, विषय आहे, कोणती गोष्ट तिथं होती ते आहे. उद्या कोणी म्हटलं तुम्ही कळवलंच नव्हतं, तर दाखवायला पुरावा जागेवर आहे. पण आधी उत्तर आलं, मग पत्ता आला, आणि हा क्रम लय महत्त्वाचा आहे. पत्ता आधी टाकला की तो टोमणा वाटतो. उत्तर आधी दिलं की तोच पत्ता सोय वाटते. वाक्याचा धनी पण बदला जरा, “मी कळवलं होतं” ऐवजी “यादी 12 च्या मेलमध्ये आहे”. मी आणि तुम्ही दोघंही वाक्यातून बाहेर, कागद तेवढा आत.

इंग्रजीत लिहायचं असेल तर “द बॅग लिस्ट इज इन द मेल ऑफ 12 मार्च, सब्जेक्ट तूर लॉट, अटॅच्ड हिअर फॉर रेडी रेफरन्स” एवढं बस होते. त्यात ‘ऑलरेडी’ घुसवू नका. मराठीतला ‘आधीच’ आणि ‘पुन्हा एकदा’ हे त्याचेच भाऊबंद, आणि “ट्रेल मेल पहा” तर सगळ्यात आळशी, वीस मेलच्या ट्रेलमध्ये माणूस काय पाहील बाप्पा, अंगठा झिजते.

खरं म्हणजे हे आपल्याकडं नवीन नाहीच. तहसीलमधून येणारं साधं पत्र पहा, वर विषय, त्याच्याखाली संदर्भ, आणि संदर्भात पत्र क्रमांक आणि दिनांक. सरकारी भाषेला आपण कितीही नावं ठेवली तरी त्या संदर्भाच्या ओळीत राग नाही, आणि कागद नेमका सापडते. राग चढतो तो खाली, “वारंवार कळवूनही” सुरू झालं की. मेलमध्ये वरची ओळ उचला, खालची सोडा.

आता कोणी म्हणेल की दादा, दरवेळी सगळं परत लिहायचं तर आमचं कामच होणार नाही. सगळं कुठं लिहायचंय? जे विचारलं तेवढंच, एक नाहीतर दोन ओळी. 200 पोत्यांची यादी मेलमध्ये टाइप नाही करायची, तिला जोडायचं. पण आकडा बदलला असेल, जसा आमचा बदलला, तर जुन्या मेलचा नुसता पत्ता देणं धोक्याचं, कारण समोरचा इमानदारीनं मागं जाईल आणि 200 च धरून बसेल. मग काट्यावर 98 क्विंटल भरलं की भांडण आपल्याशीच. म्हणून जुना आकडा काय होता, आता काय आहे आणि कोणता धरायचा, हे तिन्ही लिहा.

पैसे अडकले असतील तेव्हा मात्र मी थोडा कडक लिहितो, तरी शब्द तेच साधे. “बिल 20 मार्चच्या मेलसोबत पाठवलं, आठवण 28 मार्चला दिली, रक्कम अजून जमा नाही, कोणत्या तारखेला होईल ते कळवावं.” बस. तारखा ओळीनं लावल्या की समोरच्याच्या साहेबालाही दिसते कोण कुठं थांबलं, आपल्याला चिडायची गरज नाही.

आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारत असतील तर मेल लिहूच नका, फोन लावा, बहुतेक वेळा आपली फाईलच त्यांच्याकडं उघडत नसते. फोन झाला की लगेच दोन ओळी टाका, “आत्ता बोलल्याप्रमाणे 196 पोती, गाडी गुरुवारी सकाळी 8 ला”, आणि त्या ताईंना सीसी नाही, सरळ ‘टू’ मध्ये घ्या.