गरम भट्टी आणि पर्ज: खुलासा

‘बर्नर ट्रिप झाला तर लगेच रीसेट मारा. भट्टी गरमच असते, पर्ज थंड भट्टीसाठी असतो.’

बॉयलर चालवणाऱ्यांना दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे. पर्ज म्हणजे बर्नर पेटवण्याआधी पंख्याच्या हवेने आतली न जळलेली वाफ बाहेर काढणं. गरम भट्टीतच धोका जास्त. ज्योत विझल्याचं कळून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत इंधन आत पडतच राहतं. तासाला 200 किलो डिझेल जाळणारा स्मोक ट्यूब बॉयलर घ्या, म्हणजे ज्यात गरम वायू नळ्यांतून जातात असा. चार सेकंदांत सुमारे 220 ग्रॅम डिझेल न जळता आत जातं. किरकोळ वाटतं, पण तापलेल्या विटांवर त्याची लगेच वाफ होते आणि ती अडीच-तीन घनमीटर हवेत मिसळली की पेटण्याजोगं मिश्रण तयार होतं. ते नळ्यांच्या तोंडाशी किंवा स्मोक बॉक्समध्ये साचतं. पुढची ठिणगी पडली की सगळं एकदम पेटतं आणि दाबाने दार उडतं. रीसेट पुन्हा पुन्हा मारलं तर दर वेळी भर पडते.

अमेरिकेच्या एनएफपीए 85 या सुरक्षा मानकाप्रमाणे मोठ्या स्मोक ट्यूब बॉयलरच्या पर्जमध्ये, पूर्ण भाराच्या निदान 70 टक्के हवेने, चार वेळा आतली हवा बदलावी लागते. आतली जागा 6 घनमीटर आणि पंख्याची हवा सेकंदाला 0.6 घनमीटर असेल तर त्याला 40 सेकंद लागतात. एवढ्यासाठी टायमर बायपास करणारे मी पाहिलेत. वाफ काही त्यामुळे वाचत नाही.

तळाशी साचलेलं तेल मात्र पर्जने जात नाही. चिमणीतून पांढरट धूर किंवा डिझेलचा वास आला तर बर्नर बंद ठेवा, भट्टी थंड करा, तेल पुसून काढा आणि गळका सोलेनॉइड व्हॉल्व्ह शोधा.