रबराची मनधरणी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर नव्या स्कूटरींमधून हद्दपार झाला. आमची स्कूटर २००७ची. तिच्यात तो अजून नांदतो आणि अधूनमधून रुसतो. या वेळचा रुसवा असा, की चोक ओढला की गाडी चालू, चोक ढकलला की बंद. सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडायची सोय नाही. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं, आपण त्याच्याशी शर्यत लावतोय.

हे लक्षण स्लो जेट, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल पुरवणारी बारीक नळी, तुंबल्याचं. ते साफ करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, फक्त त्यासाठी कार्बोरेटर हातात असावा लागतो. तो असतो डिकीच्या खाली, दोन रबरांच्या मध्ये. एक रबर एअर फिल्टरकडून येतं. ते पातळ, मवाळ, क्लिप सैल केली की निमूट बाजूला होतं. दुसरं इंजिनाच्या बाजूचं, जाड आणि काळं. त्याच्याबद्दलच हा सगळा लेख आहे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये डिकी काढली. डिकीचा बोल्ट जमिनीवर वाजला की आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ऐकू जातं. ते चहाचा कप घेऊनच खाली आले. मी तोवर पेट्रोलचा कॉक बंद केला होता, कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत उतरवलं होतं आणि केबली सोडवल्या होत्या. इंजिनाकडच्या रबराची क्लिपही सैल करून मागे सरकवली. आता कार्बोरेटरला धरून ठेवणारं काहीही उरलं नव्हतं. तरी तो हलेना.

"ओढा की जोरात!" काका म्हणाले.

जोर लावून तो निघत नाही, याला कारण आहे. रबराच्या तोंडाशी आतून एक कड असते आणि कार्बोरेटरच्या नळीवर तिच्यासाठी खाच असते. रबर नवं असताना कड जरा ताणली की खाचेतून सुटते. पण इतकी वर्षं एका बाजूने इंजिनाची धग आणि दुसऱ्या बाजूने पेट्रोलची वाफ खाल्ली, की रबरातला मऊपणा राखणारी तेलं निघून जातात आणि उष्णतेने ते आणखी घट्ट बांधलं जातं. मग ताणलं की ते ताणलं जात नाही, चिरतं. शिवाय सरळ ओढलं की सगळा जोर त्या कडेवरच येतो, म्हणजे नेमका तिथेच, जिथे तो यायला नको.

"मग स्क्रू ड्रायव्हर घालून उचका," काका म्हणाले. काकांनी आयुष्यभर एका बँकेत कॅशियरची नोकरी केली. कडक नियमांत काढलेल्या आयुष्याचं उट्टं ते आता दुसऱ्यांच्या गाड्यांवर काढतात.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं, की कडेवर बारीक चीर पडलीच म्हणून समजा. फिल्टरकडचं रबर फाटलं तर फार तर धूळ आत जाते. इंजिनाकडचं फाटलं तर कार्बोरेटरने न मोजलेली हवा थेट आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणभणत राहतं, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात आणि इंजिन नको तितकं तापतं. स्लो जेट साफ करायला जावं आणि हे दुखणं घेऊन यावं, असा तो सौदा. मी स्क्रू ड्रायव्हर काकांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवला.

मग त्यांनी सुनेचा हेअर ड्रायर आणायची तयारी दाखवली. कल्पना चुकीची नव्हती, रबराला ऊब हवीच. पण बंद पार्किंग, नुकतंच सांडलेलं थोडं पेट्रोल आणि लाल होणारी तार एकत्र आणण्याइतकी माझी विम्याची रक्कम मोठी नाही.

एवढ्यात आई भाजी घेऊन आली. मी कार्बोरेटरशी झोंबतोय हे तिने पाहिलं, काय अडलंय ते विचारलं आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "अरे, घट्ट झालेली बांगडी कधी ओढून काढतात का? साबण लाव, गोल फिरव, जरा जरा पुढे घे. ओढलीस तर फुटेल आणि वर हात कापेल."

स्कूटरच्या पुस्तिकेत इतकं नेमकं कुठेही लिहिलेलं नाही.

त्याप्रमाणे सगळं केलं. पातेलंभर पाणी उकळून खाली आणलं, जुना टॉवेल त्यात बुडवून पिळला आणि रबराला गुंडाळला. गार झाला की पुन्हा. चार-पाच वेळा असं केल्यावर रबर बोटाने दाबलं तर किंचित दबायला लागलं. मग जुन्या एटीएम कार्डाची कातरून केलेली पट्टी, टोकं घासून गोल केलेली, कडेखाली हळूच सरकवली आणि तिच्या वाटेने साबणाचं पाणी सोडलं. तेल किंवा ग्रीस नाही. तेलाने काही रबरं फुगतात, आणि परत बसवल्यावर तेलकट जोड क्लिपखालून घसरतो. साबणाचं पाणी काम झालं की सुकून जातं. पट्टी नळीभोवती पूर्ण फिरली, तेव्हा कुठे रबर धातूपासून सुटलं.

त्यानंतर ओढणं नाहीच. कार्बोरेटर दोन्ही हातांत धरून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. आधी तो नुसता हट्टाने थरथरला, मग एकदम अर्धा इंच वळला. वळला म्हणजे चिकटलेलं सुटलं. आता फिरवता फिरवता एक बाजू जरा बाहेर, मग दुसरी. पुच्च असा आवाज झाला आणि कार्बोरेटर माझ्या हातात. काकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात चहा सांडला.

यानेही निघाला नसता, तर एक वाट उरली होती. हे रबर ज्या तुकड्याचा भाग आहे तो इंजिनाच्या हेडला दोन बोल्टनी बसवलेला असतो. दहाच्या पान्याने ते काढायचे, रबरासकट कार्बोरेटर बाहेर घ्यायचा आणि टेबलावर निवांत सोडवायचा. मी ती वाट शेवटी ठेवली, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेला जुना बोल्ट तुटला, तर रबराचं दुःख फारच किरकोळ वाटायला लागतं.

जेट साफ झालं. इंजिनावरच राहिलेलं रबर मात्र बोटांनी वाकवून उजेडात पाहिलं, तेव्हा बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसल्या. आतपर्यंत गेलेल्या नव्हत्या, पण जाण्याच्या बेतात होत्या. जुन्या गाड्यांचे शौकीन अशी रबरं मऊ करायला गंधपुऱ्याचं तेल थिनरमध्ये मिसळून त्यात भिजवतात म्हणतात. घरात गंधपुऱ्याचं तेल आहे, पण ते आईच्या गुडघ्यांचं आहे. बांगडीचा सल्ला नुकताच फुकट मिळालेला असताना ते मागायची माझी हिंमत झाली नाही. रबर नवंच घ्यायचं ठरवलं.

पण रविवार. दुकानं बंद, सोमवारी ऑफिस. म्हणून तेच रबर गरम टॉवेलने पुन्हा मऊ करून त्यात कार्बोरेटर परत बसवला, कड खाचेत पूर्ण गेल्याची बोटाने खात्री केली आणि क्लिप रबर जेमतेम दबेल एवढीच आवळली. गाडी पहिल्या बटणाला चालू झाली. रबराभोवती साबणाचं पाणी शिंपडून पाहिलं, इंजिनाचा सूर बदलला नाही. म्हणजे हवा कुठून चोरून जात नव्हती.

सोमवारी संध्याकाळी त्याच गाडीवरून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मॉडेल सांगितलं, साल सांगितलं.

"त्यात दोन प्रकार येतात," दुकानदार म्हणाला. "सँपल आणलंय?"

"ते गाडीत बसवलंय."

त्याने काउंटरवरून वाकून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला बोलावत मला म्हणाला, "मग काढून आणा ना साहेब. दोन मिनिटांचं काम आहे."